चंद्र काढायला गेलं की पांढरी चकतीच येते : फोन आणि ५५-२५० लेन्स

निळाई
नमस्कार मंडळी. कोजागरीला गच्चीवर दूध आटवायचा बेत आहे, आणि यंदा चंद्राचा एक तरी धड फोटो हवाय, ज्यात डाग दिसतील. आतापर्यंत जे काही काढलंय त्यात काळ्या आभाळात पांढरा गोळा, बाकी काही नाही. हातात दोन गोष्टी आहेत. एक माझा फोन, ज्याला ३एक्सचा वेगळा कॅमेरा आहे. दुसरा भावाचा जुना डीएसएलआर, त्याला ५५-२५०ची लेन्स. फोनवर चंद्रावर बोट टेकवून पाहिलं, फरक नाही. नाईट मोड लावला तर चंद्र आणखीच फुगतो आणि भोवती दुधट वलय येतं. कॅमेरा ऑटोवर ठेवला की आपणहून फ्लॅश उघडतो!

आणखी एक इच्छा आहे. आमच्या गावी देवळाच्या शिखराशेजारून चंद्र उगवतो. शिखर आणि चंद्र दोन्ही नीट दिसतील असा फोटो निघतो का, की ते नुसतं व्हॉट्सॲपवर फिरणारं काहीतरी असतं?

पाटीलबुवा
ताई, १००एक्सवाला फोन घ्या. माझ्या मेहुण्याकडे आहे, चंद्रावरची माती दिसते. बजेट किती आहे ते सांगा, मॉडेल सुचवतो.

निळाई
बुवा, फोन घ्यायचा नाहीये हो. आहे त्यात जमवायचंय.

खटपट्या
सोपं आहे. याला 'लूनी ११'चा नियम म्हणतात. पूर्ण चंद्र असेल तर एफ/११, आणि शटर म्हणजे आयएसओच्या आकड्याचा व्यस्त. आयएसओ १०० तर १/१००, आयएसओ २०० तर १/२००. कॅमेरा मॅन्युअलवर टाका, हे आकडे द्या, काम फत्ते. फोनवर प्रो मोडमध्ये आयएसओ १०० आणि १/१२५ ठेवा. तेच गणित, कॅमेरा कुठलाही असो.

निळाई
खटपट्या, लगेच गच्चीवर जाऊन आले. आज शुद्ध दशमी आहे, चंद्र चांगला वर आलाय. कॅमेऱ्यावर तुमचे आकडे दिले आणि चक्क डाग दिसले! जरासा काळपट आहे, पण चंद्र वाटतो. फोनवर मात्र आयएसओ १००, १/१२५ देऊनही पांढराच. आणि प्रो मोडमध्ये एफ/११ कुठे द्यायचं? तो रकानाच नाही.

तिपाई
रकाना नाही, कारण बहुतेक फोनच्या भिंगाचं छिद्र पक्कं असतं, लहान-मोठं होत नाही. खटपट्यांचा नियम बरोबर आहे, पण तो फोनला लावताना पहिला निम्मा भाग गळून गेला.

आधी हे का होतं ते सांगतो, म्हणजे आकडे पाठ करायची गरज उरणार नाही. आपल्याला रात्र दिसते, पण चंद्रावर त्या वेळी लख्ख ऊन पडलेलं असतं. आपण उन्हातला खडक काढतोय, तोही डांबरी रस्त्याइतका गडद, पडलेल्या उजेडापैकी साधारण १२ टक्केच परत फेकणारा. म्हणजे एक्स्पोजर दिवसाउजेडीचं हवं. कॅमेरा मात्र सगळी चौकट बघून सरासरी काढतो. चौकटीत ९९ टक्के काळोख असला की तो ठरवतो, 'फार अंधार आहे, उजेड वाढवू.' त्या वाढवण्यात चंद्र जळतो. नाईट मोड तर त्यासाठीच बनवलाय, म्हणून तिथे सगळ्यात वाईट.

आता तुमचा फोन. ३एक्सच्या भिंगावर काय आकडा आहे? फोटोच्या माहितीत दिसेल.

निळाई
एफ/२.४ लिहिलंय.

तिपाई
छान. एफ/११ आणि एफ/२.४ यांत आत येणाऱ्या उजेडाचा फरक सुमारे २१ पट. म्हणून पौर्णिमेचा चंद्र उंच असेल आणि आयएसओ १०० असेल, तर शटर १/१०० नव्हे, १/२००० च्या आसपास हवं. आजचा दशमीचा चंद्र मंद आहे, त्याला १/१००० धरा. आयएसओ ५० मिळत असेल तर १/५००. तुम्ही १/१२५ दिलं, म्हणजे हवा त्याच्या आठपट उजेड आत घेतलात. पांढरा येणारच.

कॅमेऱ्यावर काळपट का आला तेही यातच आहे. एफ/११ हे पौर्णिमेसाठी. चंद्र जसा कलेकलेने लहान असतो तसा तो नुसता क्षेत्रफळाने कमी होत नाही, त्याचा उजळ भागही मंद होतो, कारण ऊन तिरकं पडतं आणि खड्ड्यांच्या सावल्या वाढतात. अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजेड देत नाही, जेमतेम दहावा हिस्सा देतो. म्हणून दशमी-एकादशीला एफ/८, अष्टमीला एफ/५.६, कोवळ्या कोरीला एफ/४, शटर तेच. लेन्स एफ/४ पर्यंत उघडत नसेल, आणि २५० वर तुमची उघडणार नाही, तर तेवढं शटर सावकाश करा.

निळाई
आयएसओ ५०, १/५०० दिलं. आता चंद्र राखाडी दिसतोय आणि त्यावर काळे पट्टे आहेत!! पण अगदी एवढासा आहे, आणि मोठा करून बघितला तर जलरंगात काढल्यासारखा.

तिपाई
मग एक परीक्षा करा. ३एक्सवर चंद्र धरा आणि मागच्या भिंगांवर एकेक करून बोट ठेवा. ज्याच्यावर बोट ठेवल्यावर पडद्यावरचा चंद्र जातो, तेच भिंग चालू आहे. अनेक फोन अंधार दिसला की गुपचूप ३एक्सचा कॅमेरा बंद करतात आणि मुख्य कॅमेऱ्याचा फोटो कापून मोठा करून दाखवतात. बटणावर ३एक्सच लिहिलेलं असतं.

फरक किती ते बघा. १२ मेगापिक्सेलच्या मुख्य कॅमेऱ्यात चंद्राचा व्यास २५-२६ पिक्सेल भरतो. ३एक्सच्या खऱ्या भिंगातून ७५-८०. तुमच्या भावाच्या कॅमेऱ्यात २५० वर, तो २४ मेगापिक्सेलचा असेल तर, सहाशेच्या घरात. २६ पिक्सेलमध्ये विवर मावत नाही, तिथे फोन अंदाजाने रंग भरतो.

निळाई
मुख्य भिंगावर बोट ठेवलं आणि चंद्र गायब. म्हणजे इतकी वर्षं मी ३एक्स समजून... असो. प्रो मोडमध्ये शोधलं तर भिंग निवडायला वेगळं बटण सापडलं. तिथून ३एक्स घेतल्यावर फरक दिसतो, डाव्या अंगाचा मोठा काळा डाग वेगळा कळतो.

सुमनआत्या
मला प्रो मोड वगैरे येत नाही, तरी माझे चंद्र बरे येतात. आयफोन आहे. चंद्रावर बोट दाबून धरते, वर पिवळ्या अक्षरात AE/AF LOCK आलं की बोट उचलते, मग शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढत नेते. आभाळ काळंकुट्ट होईपर्यंत ओढायचं, भ्यायचं नाही. निळाई, तू नुसतं टेकवून सोडलंस म्हणून फोनने पुन्हा स्वतःचंच खरं केलं असेल.

आणि मी अंधार पडायची वाटच बघत नाही. दिवेलागणीच्या आधी, आभाळ निळं असतानाच काढते. तेव्हा फोन एवढा गोंधळत नाही.

आमच्या ह्यांची पक्षी बघायची दुर्बीण आहे, १०x५०. तिच्या एका डोळ्याला फोन चिकटवून काढलेला अष्टमीचा फोटो टाकते बघा. मधल्या रेषेवर खड्डे दिसतात. धरायला मात्र दोन माणसं लागतात, आणि एकाने गप्प बसायचं असतं.

तिपाई
आत्या, फोटो फर्मास! रेषेच्या मध्याशी एकाखाली एक तीन मोठे खड्डे दिसतात ना, ते टॉलेमियस, अल्फोन्सस आणि आर्झाकेल. तेही फोनवर.

दुर्बिणीची युक्ती निळाईंनाही लागू आहे. मुख्य कॅमेरा १०एक्सच्या दुर्बिणीला लावला की चंद्र अडीचशे पिक्सेलच्या वर जातो, म्हणजे ३एक्सच्या तिप्पट. १०x५० मधून बाहेर पडणारा उजेडाचा झोत ५ मिलिमीटरचा असतो, फोनच्या भिंगाच्या छिद्रापेक्षा सहसा मोठाच, म्हणून एक्स्पोजर जवळपास तेच राहतं. दुर्बीण तिपाईवर बांधा, फोन दोऱ्याने किंवा रबराने. चंद्र चौकटीत अर्धवट कापला जात असेल तर फोन डोळ्याच्या काचेपासून दोन-चार मिलिमीटर मागेपुढे करून बघा.

धूमकेतू
इथे माझा अनुभव उलटा. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास ग्रहणाला हेच लूनी ११ वापरलं. ढगांच्या फटीतून मोठ्या मुश्किलीने चंद्र मिळाला आणि फोटो पूर्ण काळा. नियम बकवास आहे.

खटपट्या
नियम बकवास नाही, ग्रहण होतं! चंद्रावर ऊनच नव्हतं.

तिपाई
खटपट्यांशी सहमत. लूनी ११ उन्हातल्या चंद्राचा आहे. खग्रास स्थितीत चंद्रावर थेट ऊन नसतं, पृथ्वीच्या वातावरणातून वाकून गेलेला तांबडा उजेड तेवढा असतो, तो हजारो पटींनी कमी. तिथे एफ/५.६, आयएसओ १६०० आणि अर्धा ते एक सेकंद, अशा भाषेत बोलावं लागतं. आणि ग्रहणागणिक फरक पडतो, काही फार काळी होतात. एक सेकंदाला दुसरी अडचण येते : २५० वर चंद्र सेकंदाला चार-पाच पिक्सेल सरकतो. म्हणून ग्रहणात आयएसओ ३२०० करून शटर पाव सेकंदाकडे आणलेलं बरं, दाणे दिसले तरी चालतील.

खटपट्या
मूळ मुद्द्यावर येतो. एवढे आकडे कशाला? कॅमेऱ्यात स्पॉट मीटरिंग असतं. ते लावा, मधला गोल चंद्रावर ठेवा, कॅमेरा नेमकं चंद्राचंच मोजेल. मी ६००वर नेहमी असंच काढतो.

तिपाई
६००वर चालेल, २५०वर फसेल. लेन्सच्या फोकल लेंग्थला ११० ने भागलं की सेन्सरवर चंद्र केवढा पडतो ते कळतं. २५० वर सव्वादोन मिलिमीटर. एपीएस-सी सेन्सरच्या क्षेत्रफळात तो जेमतेम सव्वा टक्का. आणि या वर्गातल्या कॅमेऱ्यांचा स्पॉटचा गोल साधारण ३-४ टक्क्यांचा. म्हणजे गोलात चंद्रापेक्षा काळोखच जास्त, आणि कॅमेरा पुन्हा उजेड वाढवणार. काही स्वस्त मॉडेलांत तर स्पॉट नसतोच, त्याच्या जागी १० टक्क्यांचं 'पार्शल' असतं. ६००वर चंद्र साडेपाच मिलिमीटरचा होतो, गोल आत बसतो, म्हणून तुम्हाला कधी जाणवलं नाही.

दुसरं, गोल बरोब्बर बसला तरी मीटर चंद्राला मध्यम राखाडी करू पाहतो. पौर्णिमेला ते थोडं उदास दिसतं. मी मॅन्युअलवरच ठेवतो आणि जळलेला भाग लुकलुकवून दाखवणारी सोय चालू करतो. पडद्यावर फोटो मोठा करून सगळ्यात आधी डावीकडे वर अरिस्टार्कस बघतो, चंद्रावरचा सर्वांत उजळ ठिपका, आणि मग खाली टायको. हे दोन लुकलुकले नाहीत तर बाकी चंद्र सुरक्षित आहे. हिस्टोग्राम सरसकट बघू नका. त्यात डावीकडे काळोखाचा उंच खांब असतो आणि चंद्र म्हणजे उजवीकडची पुसट शेपटी. ती उजव्या भिंतीला टेकली नाही एवढंच पाहायचं.

खटपट्या
मान्य, पण मग शेपटी भिंतीपासून लांबच ठेवावी की. मी मुद्दाम एक स्टॉप काळा, म्हणजे निम्म्या उजेडात काढतो आणि घरी उजळवतो. जळलेलं परत येत नाही, काळं येतं.

तिपाई
रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने हात न लावलेल्या मूळ फाईलमध्ये काढत असाल तर एक स्टॉप काळा चालेल. पण सागरांच्या, म्हणजे चंद्रावरच्या काळ्या डागांच्या भागात उजळवल्यावर दाणे वर येतात, म्हणून मी भिंतीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जातो. याबाबतीत तुमचं-माझं जमणार नाही असं दिसतंय :)

निळाई
तुम्ही भांडा, मी ऐकते. पण कॅमेऱ्याचे फोटो आता पांढरे नाहीत तरी धूसर आहेत. काही ठिकाणी कडा दुहेरी दिसते. ट्रायपॉडवरच होता.

धूमकेतू
लेन्सचं स्टॅबिलायझेशन चालू असेल. ट्रायपॉडवर बंद करायचं. माझ्या लेन्सवर चालू राहिलं की ती स्वतःच हलते.

तिपाई
तेच पहिलं संशयित. दुहेरी कडा म्हणजे हलणं, सगळीकडे सारखी मऊ कड म्हणजे फोकस, आणि एका फोटोत स्पष्ट तर पुढच्यात वाकडीतिकडी असेल तर हवा. तिसऱ्यावर इलाज नाही, चंद्र वर येण्याची वाट बघायची. शिवाय दिवसभर तापलेली स्लॅबची गच्ची रात्री नऊपर्यंत उष्णता सोडत असते, तिच्यावरून तिरकं बघण्यापेक्षा अंगण बरं.

फोकससाठी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, अशा लेन्सची कडी अनंताच्याही पलीकडे फिरते. लाईव्ह व्ह्यू लावा, पडद्यावर दहापट मोठं करा आणि उजेड-अंधाराच्या सीमेवरचा एखादा खड्डा बघत हाताने फिरवा. मग टायमर दोन सेकंदांचा. शटर १/१२५ पेक्षा सावकाश नको, गरज पडली तर आयएसओ २०० करा.

सुमनआत्या
आणि देवळाचं राहिलंच की. मलाही हवंय ते.

तिपाई
हो, तो खरा अवघड भाग. पूर्ण रात्र झाल्यावर शिखर आणि चंद्र एका फोटोत मिळत नाहीत. चंद्र बरोबर काढला तर शिखर काजळी, शिखर काढलं तर चंद्र पुन्हा पांढरी चकती. शिखरावर झगझगीत दिवे सोडले असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून असा दिवस शोधायचा की चंद्र उगवून थोडा वर आलाय आणि जमिनीवर अजून संध्याकाळचा उजेड आहे.

तिथीवर जाऊ नका, चंद्रोदयाची वेळ बघा. सूर्यास्ताच्या २० ते ४० मिनिटं आधी चंद्र उगवतो तो दिवस आपला. बहुधा ती चतुर्दशी असते, पण पौर्णिमा पंचांगात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत असेल तर कधी कोजागरीचीच संध्याकाळही साधते.

निळाई, शिखराची रुंदी किती?

निळाई
कळसाखालचा भाग चार मीटर असेल. समोर शेतं आहेत, मागे मागे जाता येतं.

तिपाई
मग उत्तम. चंद्र आभाळात अर्धा अंश व्यापतो. कुठलीही वस्तू तिच्या रुंदीच्या ११५ पट अंतरावरून चंद्राएवढी दिसते. चार मीटरच्या शिखराला ४६० मीटर. तिथून २५०ने काढलंत तर शिखर आणि चंद्र सारखेच रुंद, आणि दोन्ही चौकटीच्या रुंदीच्या दहाव्या भागाएवढे. चंद्र शिखरापेक्षा मोठा हवा असेल तर आणखी मागे जा. लेन्सने चंद्र मोठा होत नाही, मागे सरकल्याने देऊळ लहान होतं. व्हॉट्सॲपवरच्या गोपुराएवढ्या चंद्रांपैकी काही या पद्धतीने खरोखर काढलेले असतात, बाकीचे चिकटवलेले.

सूर्यास्तानंतर पाच ते पंधरा मिनिटं हा वेळ. सुरुवातीला आयएसओ २००, एफ/८, १/१०० धरा. हे उंचावरच्या चंद्राला जास्त झालं असतं, पण क्षितिजाजवळ हवेमुळे चंद्र एक-दोन स्टॉप मंद आणि पिवळा असतो. पिवळा असताना लाल रंग आधी जळतो, म्हणून तीन रंगांचा हिस्टोग्राम असेल तर लालची शेपटी बघा. शिखर थोडं काळसर येईल, ते रॉ मधून उजळवता येतं. फोकस शिखरावर. एफ/८ ला चारशे-साडेचारशे मीटरच्या पलीकडचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं, चंद्रही.

आपल्याकडे संधिप्रकाश झपाट्याने संपतो, म्हणून दर दोन मिनिटांनी शटर बदलावं लागेल. शिखर काजळायला लागलं तरी चंद्राचं शटर लांबवायचं नाही, नाहीतर पहिल्या पोस्टवर परत.

धूमकेतू
एवढी धावपळ कशाला? तिपाई न हलवता एक फोटो शिखराचा, एक चंद्राचा, आणि घरी जोडा. त्याच जागचा त्याच वेळचा चंद्र असेल तर त्यात खोटं काय?

सुमनआत्या
मला तरी एका क्लिकचा असेल तरच खरा वाटतो.

खटपट्या
जोडलाय असं खाली लिहिलं तर मला चालतो. न सांगता जोडलेला नाही.

निळाई
माझ्या फोनची एक नवीन तक्रार. पडद्यावर चंद्र राखाडी, डागांसकट दिसतो. बटण दाबल्यावरही क्षणभर तसाच असतो, आणि मग गॅलरीत बघताबघता उजळून मऊ होतो. आकडे तेच लिहिलेले असतात.

तिपाई
ते फोटो काढल्यानंतरचं फोनचं काम. अनेक फ्रेम एकत्र करून गडद भाग उचलतो. एचडीआर आणि दृश्य ओळखून सुधारणारी सोय, दोन्ही बंद करून बघा. २०२३ मध्ये यावरून जगभर वाद झाला होता. एकाने चंद्राचा फोटो संगणकावर मुद्दाम धूसर केला, अंधाऱ्या खोलीतून त्या पडद्याचा फोनने फोटो काढला, तर फोनने नसलेले तपशील भरून दिले. म्हणून पाटीलबुवांच्या मेहुण्याच्या फोनमध्ये दिसणारी माती किती खरी, तेही याच परीक्षेने ठरेल. तुमच्याकडे प्रो मोडमध्ये रॉ मिळतं का?

पाटीलबुवा
मेहुण्याला सांगतो, रविवारी करून बघू. संगणक त्याच्याकडे आहे.

निळाई
एचडीआर बंद केल्यावर जरा बरं आहे. रॉ मिळतं, पण फक्त मुख्य भिंगावर. ३एक्स निवडलं की रॉचं बटण करडं होतं. दुसरं एखादं कॅमेरा ॲप वापरून ३एक्सचं रॉ कुणाला मिळालंय का? दोन ॲप टाकून पाहिली, त्यांना ते भिंग दिसतच नाही.